द्राक्षाचा शिवार सौदा: काही सोडताना बदल्यात काय घ्यायचं



आज फवारणीचा सल्ला नाही. येत्या पंधरा दिवसांत आपल्या भागातल्या बऱ्याच बागा काढणीला येतील आणि बांधावर व्यापारी यायला लागतील. वर्षभर आपण साखर, मण्यांची फुगवण, भुरी, डाऊनी सगळं सांभाळतो आणि शेवटी अर्ध्या तासाच्या बोलण्यात त्यातलं बरंच घालवून बसतो. म्हणून आज सौद्याबद्दल. मेसेज मोठा आहे. सवडीने वाचा, आणि घरात सौद्याचं बोलणं जो करतो त्यालाही वाचायला द्या.

*नावाला ३८, हातात ३२*

गेल्या हंगामात आमच्या घरची एक एकर थॉमसन विकली. माल साधारण १० टन, म्हणजे १० हजार किलो. सौद्याला अण्णा बसले होते आणि मी शेजारीच उभा होतो. अण्णांनी ४२ रुपये सांगितले, व्यापाऱ्याने ३३. गावात तेव्हा ३६ ते ३८ चालू होता.

व्यापारी गोड बोलणारा होता. "अण्णा, तुमचं-आमचं आजचं नाही, थोडं खाली या." अण्णा ४० वर आले. "अजून थोडं." अण्णा ३८ वर आले. व्यापाऱ्याने हातावर हात मारला आणि सगळ्यांना वाटलं की सौदा छान झाला.

मग चहा पिताना व्यापारी म्हणाला, "पैसे मात्र दीड महिन्याने, बाजारातून आले की लगेच." दर चांगला मिळालाय, आता कुठं ताणायचं, म्हणून अण्णा हो म्हणाले. काढणीच्या दिवशी मुकादम म्हणाला, "क्रेटमागे अर्धा किलो सूट धरायची, सगळीकडे तसंच आहे." त्यालाही हो. तिसऱ्या दिवशी माणसं मोठे, पिवळसर घड काढून निघून गेली. बारीक मण्यांचा आणि सावलीतला माल वेलीवर तसाच राहिला. "तो आमच्या मार्केटला चालत नाही, अण्णा." दोन टन माल बेदाण्यावाल्याला १८ रुपयांनी द्यावा लागला.

नंतर मी वहीत हिशेब मांडला:

व्यापाऱ्याने उचलला ८ हजार किलो. २० किलोचे ४०० क्रेट झाले, क्रेटमागे अर्धा किलो सूट म्हणजे २०० किलो गेले. राहिले ७,८०० किलो. ३८ रुपयांनी २,९६,४०० रुपये.

उरलेला २ हजार किलो १८ रुपयांनी ३६,००० रुपये. एकूण ३,३२,४०० रुपये.

औषध दुकानाची उधारी महिना २ टक्के व्याजाने चालू होती. दीड महिना पैसे अडकले त्याचं व्याज सुमारे ८,९०० रुपये.

हातात राहिले साधारण ३,२३,५०० रुपये. १० हजार किलोने भागलं तर किलोला ३२ रुपये ३५ पैसे.

म्हणजे व्यापाऱ्याने पहिल्यांदा सांगितलेल्या ३३ पेक्षाही कमी. त्याने कुठलीही फसवणूक केली नाही. पैसेसुद्धा दिलेल्या तारखेच्या आसपास आले. त्याने फक्त मागितलं आणि आम्ही देत गेलो. आम्ही पाच वेळा सोडलं: ४२ वरून ४०, ४० वरून ३८, उधारी, सूट आणि निवड. बदल्यात एकदाही काही मागितलं नाही. मी तिथेच उभा होतो. घडातली साखर किती आहे हे मला सांगता येत होतं, पण "उधारी देतो, मग दर ४० च ठेवा" एवढं एक वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही.

*फुकट सोडलं की काय होतं*

एखादी गोष्ट बदल्यात काही न घेता सोडली की दोन नुकसान होतात. पहिलं नुकसान त्या गोष्टीच्या किमतीचं. दुसरं जास्त महाग पडतं: समोरच्याला कळतं की नुसतं मागितलं की मिळतं. मग तो आणखी मागतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही मागितलंच असतं. ४२ वरून ४० वर आपण नुसतं "थोडं खाली या" एवढ्यावर आलो, तर ४२ हा आकडा खरा नव्हताच असं त्याला वाटतं. मग ४० वर तरी त्याने विश्वास का ठेवावा?

याउलट प्रत्येक वेळी बदल्यात काही मागितलं तर प्रत्येक मागणीची त्याला किंमत मोजावी लागते. दोन-तीन वेळा असं झालं की तो उगाच मागणं थांबवतो आणि त्याला खरंच जे हवंय तेवढंच बोलतो. सौदा लवकर होतो तो यामुळेच.

*आधी घरी बसून कागद करा*

व्यापारी बांधावर आल्यावर हिशेब सुचत नाही. आदल्या रात्री कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "मी काय देऊ शकतो", उजवीकडे "मला काय हवं". आणि प्रत्येक गोष्टीपुढे किलोला किती पैसे पडतात ते लिहा. एक एकर, १० टन माल आणि दर ३६ च्या आसपास धरला तर हिशेब असा येतो:

*उधारी दीड महिना:* ३ लाख ६० हजारांवर महिना २ टक्क्यांनी १०,८०० रुपये व्याज. किलोला साधारण १ रुपया ८ पैसे. पैसे बुडण्याची भीती यात धरलेलीच नाही. व्यापारी नवा असेल तर ती वेगळी धरा.

*क्रेटमागे अर्धा किलो सूट:* ५०० क्रेटला २५० किलो, म्हणजे ९,००० रुपये. किलोला ९० पैसे.

*निवडून नेणं:* ८ टन ३८ ने गेला आणि २ टन १८ ने, तर सरासरी ३४ रुपये पडते. म्हणजे "निवडून ३८" पेक्षा "पूर्ण बाग ३६" हा सौदा २० हजारांनी चांगला. हा आकडा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण कानाला ३८ मोठा वाटतो.

आता डावी बाजू. इथे अशा गोष्टी शोधा ज्या आपल्याला स्वस्त पडतात पण व्यापाऱ्याच्या कामाच्या आहेत. त्याच्या मजुरांना राहायला शेड, पाणी, लाईट. पॅकिंगला सावलीची जागा. गाडी बांधापर्यंत येईल असा रस्ता नीट करून देणं. शेजाऱ्याचा किंवा भावकीचा माल जोडून देणं, म्हणजे त्याची गाडी एका ठिकाणी भरते. पाऊस नसेल आणि साखर भरलेली असेल तर काढणीची तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करणं. पुढच्या वर्षी पहिला निरोप त्यालाच देणं.

या गोष्टींना आपला खर्च फार थोडा. पण बहुतेक जण त्या आधीच फुकट देऊन टाकतात. माणसं येतात, शेडमध्ये झोपतात, आपलं पाणी वापरतात आणि सौद्यात त्याचं नावसुद्धा निघत नाही. शेड द्यायलाच पाहिजे, माणुसकीने द्या. पण सौद्याच्या आधी तिचा उल्लेख करा आणि तिच्या बदल्यात काहीतरी घ्या.

शेवटी कागदाच्या तळाशी एक आकडा लिहा: सगळं वजा जाऊन किलोला हातात किती पडलेच पाहिजेत. त्याच्या खाली सौदा करायचा नाही. हा आकडा व्यापाऱ्याला सांगायचा नाही.

*"जर" आधी, "तर" नंतर*

सोडायची वेळ आली की वाक्य कसं बोलायचं याला महत्त्व आहे. त्याने काय करायचं ते आधी बोला, आपण काय देणार ते नंतर.

"दोन रुपये कमी करतो, पण तुम्ही पूर्ण बाग उचला" असं बोललं की समोरच्याच्या कानात फक्त "दोन रुपये कमी" एवढंच शिरतं. ते त्याच्या खिशात गेलं, "पण"च्या पुढचं नंतर बघू.

"पूर्ण बाग उचलणार असाल, तर दोन रुपयांचा विचार करतो" असं बोललं की बाग उचलल्याशिवाय दोन रुपये नाहीत हे आपोआप कळतं. तो नाही म्हणाला तर आपण काहीच सोडलेलं नसतं, आपला दर जागच्या जागी राहतो.

आणि घ्यायचं ते त्याच वेळी घ्यायचं. "आता एवढं करा, पैशाचं मी नंतर बघतो" याला हो म्हणू नका. आपण सोडलेलं लगेच लागू होतं, त्याचं "नंतर" कधी येत नाही.

*त्याच आठवड्यातला दुसरा सौदा*

आमच्या बागेपासून दोन शेतं सोडून आपल्या एका सभासद ताईंची एक एकर थॉमसन आहे. माल तेवढाच, दर्जा तसाच. त्यांनी कागद करून ठेवला होता आणि तळाला ३५ लिहिलं होतं. त्यांनी सौदा कसा केला ते मी त्यांना विचारून लिहून घेतलं. त्यांच्या परवानगीने देतोय.

ताईंनी ४० सांगितले. व्यापारी म्हणाला, "ताई, बाजार पडलाय. ३३."

"शेठ, मालात काय कमी आहे ते सांगा, मग आकड्याचं बोलू."

माल बघून झाल्यावर तो म्हणाला, "३६ देतो, पण माझी माणसं निवडून काढतील."

"निवडून न्यायचं तर ४० च्या खाली येत नाही, कारण मागे राहिलेला माल मला बेदाण्याला घालावा लागतो. पूर्ण बाग उचलणार असाल, तर ३८ करते."

इथे त्या दोन रुपये खाली आल्या, पण त्यांना पूर्ण बाग मिळाली. कागदावर बघितलं तर निवडीची किंमत दोन रुपयांपेक्षा जास्त होती, म्हणजे सोडलं त्यापेक्षा जास्त आलं.

"पूर्ण बाग ३८ ने नाही परवडत. ३६ करा, पैसे एक महिन्याने."

"महिन्याने पैसे हवे असतील, तर ३८ च राहू द्या आणि निम्मे आगाऊ द्या. रोज वजन झाल्यावर त्या दिवसाचे पैसे देणार असाल, तर ३७."

"रोजचे रोज देतो, पण मग ३५."

इथे बरेच जण म्हणतात, "जाऊ द्या, अर्ध्यावर या, ३६." अर्ध्यावर येणं बरोबर वाटतं, पण अर्धं कशाचं? तो जितक्या खालून सुरुवात करेल तितकं अर्धंही खाली जातं. ताईंनी अर्धं केलं नाही, नव्या गोष्टी पुढे ठेवल्या:

"शेठ, ३५ होणार नाही. तुमच्या माणसांना शेड, पाणी, लाईट मी देते. दिरांचा अर्धा एकर याच आठवड्यात काढायचा आहे, त्यांच्याशी तुमचं बोलणं घालून देते. क्रेटची सूट धरणार नसाल, रिकामा क्रेट काट्यावर ठेवून तेवढंच वजन वजा करणार असाल आणि पाच दिवसांत बाग मोकळी करणार असाल, तर ३६ ला द्यायला तयार आहे. आज एक लाख विसार."

सौदा झाला. त्यांची पावलं बघा: ४० वरून ३८, मग ३७, मग ३६. पहिलं पाऊल दोनाचं, पुढची एकेकाची. पावलं लहान होत गेली की समोरच्याला कळतं की तळ जवळ आलाय. आणि प्रत्येक पावलावर काहीतरी आलं: पहिल्यावर पूर्ण बाग, दुसऱ्यावर रोजचे पैसे, तिसऱ्यावर वजन, तारीख आणि विसार.

*सौदा झाल्यावर आलेला फोन*

सहा टन माल निघाल्यावर व्यापाऱ्याचा फोन आला. "ताई, बाजार दोन रुपयांनी उतरला, उरलेल्या मालाला ३४ धरा."

ठरलेला सौदा आहे म्हणून नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण दोन दिवसांनी पावसाचा अंदाज होता आणि काढणीला आलेल्या द्राक्षावर पाऊस पडला तर मणी तडकतात. त्या म्हणाल्या, "दर ठरलेला आहे. पण उरलेला सगळा माल उद्या संध्याकाळपर्यंत काढणार असाल, तर त्याला ५० पैसे कमी घेते." ४ हजार किलोला २ हजार रुपये सोडले आणि पावसाच्या आत बाग मोकळी करून घेतली. एवढं त्यांना जमलं, कारण निघालेल्या मालाचे पैसे त्यांच्या खात्यात आले होते आणि वर विसार होताच. पैसे अडकलेले असते तर फोनवर असं बोलता आलं नसतं.

त्यांच्या हातात आले ३ लाख ५८ हजार, किलोला ३५ रुपये ८० पैसे. गावात मात्र सगळे म्हणत होते की अण्णांनी ३८ ने विकली आणि ताईंनी ३६ ने. प्रत्यक्षात ताईंना सुमारे साडेचौतीस हजार जास्त पडले.

*कागदावर घ्या*

बोलणं संपेपर्यंत कुठलीही एक गोष्ट पक्की धरू नका. "दर पक्का झाला, आता बाकीचं बोलू" असं झालं की पुढच्या प्रत्येक गोष्टीत आपल्याला फक्त सोडावंच लागतं, कारण बदल्यात मागायला दर हातात राहिलेला नसतो. अण्णांचं नेमकं हेच झालं. दर, पैसे, वजन, निवड आणि तारीख या पाचही गोष्टी एकत्र बोलून झाल्या की मगच हातावर हात मारा.

सगळं ठरलं की व्यापाऱ्यासमोरच त्याच्या मोबाईलवर मेसेज पाठवा. उदाहरणार्थ: "ठरल्याप्रमाणे: गट नंबर अमुक, थॉमसन एक एकर, पूर्ण बाग, ३६ रुपये किलो. वजनातून फक्त रिकाम्या क्रेटचं वजन वजा. रोजच्या वजनाचे पैसे त्याच दिवशी खात्यावर, गाडी हलायच्या आधी. विसार १ लाख आज मिळाला. काढणी अमुक तारखेपर्यंत पूर्ण." आणि त्याच्याकडून "हो, मान्य" असं उत्तर घ्या. कागदावर सही मिळाली तर उत्तमच. रोजच्या वजनाच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. आणि चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं धरू नका, खात्यावर जमा झाले की मगच हिशेबात घ्या.

*हे कुठं चालत नाही*

बाजार समितीत लिलाव होतो तिथे बोलीने दर ठरतो, तिथे ही देवाणघेवाण नाही. हमीभाव केंद्रावरही नाही.

माल खरंच कमी असेल, मणी तडकलेले असतील किंवा साखर भरली नसेल, तर त्यासाठी केलेली दरातली कपात ही सवलत नाही, ती मालाची किंमत आहे. तिच्या बदल्यात काही मागू नका. उलट ती गोष्ट आपण आधीच सांगून टाकली तर बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

आणि आपल्याकडे दुसरा व्यापारीच नसेल, वर ढग जमले असतील, तर आपली बाजू कमकुवत असते. तेव्हा मोठं काही मिळणार नाही. पण तेव्हाही नुसतं सोडू नका. दोन रुपये कमी करावे लागले तर बदल्यात निदान विसार, तारीख किंवा वजन यातलं एक तरी घ्या. कमकुवत बाजू असताना जास्त नुकसान उधारी आणि निवडीत होतं, ते दोन्ही आधी बंद करा. आणि बाजू कमकुवत होऊ नये म्हणून काढणीच्या आठ-दहा दिवस आधीच किमान दोन व्यापाऱ्यांना बाग दाखवून ठेवा.

कागद कसा करायचा याबद्दल अडचण असेल तर आपला एकरी अंदाजे माल, चालू दर आणि उधारीचं व्याज एवढं मला व्हॉट्सॲपवर पाठवा. किलोला किती पैसे पडतात ते काढून देतो. यंदा अण्णांचा कागद मी आधीच करून दिलाय. त्यांनी तो डोळ्यांपुढे धरून वाचला आणि म्हणाले, "शेडचं भाडं पण लिही की यात." लिहिलंय.

आपला,
कृषी सल्लागार